मराठी अर्ज मेलने पाठवताना: फॉन्ट, पीडीएफ आणि फाईलचं नाव

«एका शिक्षणसंस्थेत लिपिक पदासाठी अर्ज मेलने मागवलाय, मराठीत. टायपिंग सेंटरवाल्या दादांनी करून दिलेली वर्ड फाईल पेनड्राईव्हमध्ये आहे. तशीच जोडू की पीडीएफ करू? फॉन्ट आणि मार्जिन कसं ठेवायचं? फाईलचं नाव मराठीत चालेल का?»

ताई, पेनड्राईव्हमधली फाईल तशीच जोडू नका. टायपिंग सेंटरचा उल्लेख वाचला आणि माझाच जुना घोळ डोळ्यांसमोर आला.

मीही एका संस्थेत लेखापालाच्या जागेसाठी असाच अर्ज केला होता. घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे टाईप करून घेतला, तिथल्या स्क्रीनवर दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि तिथूनच वर्ड फाईल पाठवली. «मेल मिळाला» असं उत्तरही आलं. मुलाखतीचं पत्र मात्र आलं नाही. तीन आठवड्यांनी स्वतः जाऊन बसले, तेव्हा तिथल्या बाईंनी फाईल उघडून माझ्या अर्जाची प्रत दाखवली. वर आवकचा शिक्का, क्रमांक, तारीख, सगळं व्यवस्थित. आणि जिथे «विनंती अर्ज» हवं तिथे हे:

```
fouarh vtZ
```

खाली पानभर असंच. त्यांनी ते छापलं, शिक्का मारला, फाईलला लावलं, पण एक फोन करावा असं कुणालाही वाटलं नाही. माझा नंबर तरी कसा वाचणार म्हणा, पण मेल आलेला पत्ता तर समोर होता! «आम्हाला आलं तसं आम्ही लावलं,» एवढंच उत्तर. तोवर मुलाखती उरकल्या होत्या. असो, ते अजून डोक्यातून जात नाही.

झालं असं की दुकानात कृतिदेव होता. या जुन्या फॉन्टमध्ये फाईलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, असतात ती इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो, v दाबला की अ दिसतो, t दाबला की ज. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर रूप जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. दुकानातल्या स्क्रीनवर कितीही वेळा वाचलं तरी हे कळत नाही, कारण तिथे फॉन्ट असतोच.

तुमच्या फाईलचं काय आहे ते मिनिटात कळेल. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठी दिसली तर फाईल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे तिच्या पोटात खरीच मराठी अक्षरं आहेत, सुटलात. इंग्रजी कचरा दिसला तर सरळ नव्याने युनिकोडमध्ये टाईप करा. रूपांतर करून देणाऱ्या साईट आहेत, पण एका पानासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका. जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे होतात, आणि आपलंच लिखाण तपासताना डोळा नेमका त्यावरूनच घसरतो.

युनिकोडमध्ये कुठला फॉन्ट, यावर फार डोकं लावू नका. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय असतो, तो चालतो. मला स्वतःला मुक्ता आवडतो, फुकट मिळतो. आकार १२ ते १४ ठेवा. त्याच आकड्याला आपली अक्षरं इंग्रजीपेक्षा बारीक दिसतात, म्हणून मी १३ घेते. वर्डमध्ये एक गंमत आहे: वरच्या पट्टीत आकडा बदलूनही कधीकधी मराठी मजकूर हलत नाही. मजकूर निवडून `Ctrl+D` दाबा. तिथे `Complex scripts` असा वेगळा रकाना असतो, मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो. आणि अर्ज एका पानात बसवायला ओळींमधलं अंतर `Exactly` करून दाबू नका, वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. त्यापेक्षा दोन वाक्यं कमी करा.

आता पीडीएफ. माझ्या मते अर्ज पीडीएफच जावा, जाहिरातीत वर्ड फाईलच मागितली असेल तेवढा अपवाद. वर्ड फाईल समोरच्या मशीनवर दुसरा फॉन्ट उचलते, ओळी सरकतात आणि «आपली विश्वासू» एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसते. `Save As` मध्ये पीडीएफ निवडा. मग ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून `Ctrl+D` दाबा आणि `Fonts` मध्ये पाहा. तुमच्या फॉन्टपुढे `Embedded Subset` असेल तर फॉन्ट फाईलसोबत निघालाय. कुणी म्हणेल, मग कृतिदेवचीच दुकानात पीडीएफ केली तर? दिसेल बरोबर, तेही खरं आहे. पण त्यांनी तुमचं आडनाव शोधलं तर सापडणार नाही, आणि कॉपी केलं तर पुन्हा तोच कचरा. अगदीच वेळ नसेल तर चालवा. (युनिकोडच्या पीडीएफमधूनही मराठी कॉपी करताना काने-मात्रे कधी विस्कटतात, तेव्हा त्यावरून घाबरू नका.)

मार्जिनबद्दल लोक काहीबाही सांगतात. मी एवढंच बघते की हा कागद शेवटी छापून फाईलला लागणार. डावीकडे दीड इंच सोडा, म्हणजे पंच मारला किंवा टॅग ओवला तरी अक्षर जात नाही. बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. वर उजवीकडे आवकच्या शिक्क्याला जागा राहू द्या, नाहीतर तो नेमका तुमच्या मोबाईल नंबरवर बसतो. कागदाचा आकार ए-फोर आहे ना, तेही पाहा. वर्डमध्ये बऱ्याचदा `Letter` असतो. तो ए-फोरपेक्षा सुमारे पावणेदोन सेंटीमीटर आखूड आणि थोडा रुंद, त्यामुळे छापताना मजकूर आक्रसतो किंवा कडेला कापला जातो. हे टाईप करण्याआधी बदला, नंतर बदललं की सगळी मांडणी हलते.

फाईलचं नाव मराठीत ठेवायची मलाही हौस होती. मेलमधून बहुतेक वेळा नीट जातं. पण काही वेबसाईटवर अपलोड करताना किंवा तिथून उतरवून घेताना «अर्ज»चं असं होतं:

```
%E0%A4%85%E0%A4%B0%E0%A5%8D%E0%A4%9C.pdf
```

म्हणून नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आडनाव आधी:

```
Aadnav_Nav_Lipik_Arj.pdf
```

नुसतं `Application.pdf` नको. तसे पंधरा जण पाठवतात आणि तिकडे तुमचा अर्ज `Application (9).pdf` होऊन पडतो. नावात तिरकी रेघ किंवा विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके टाकू नका, विंडोज ते घेत नाही. `final_navin2` वगैरेही काढून टाका, बरं दिसत नाही.

सही हाताने हवी असेल तर छापून, सही करून स्कॅन करा. मोबाईलने काढलात तर उजेडात काढा, पानावर स्वतःची सावली पडते. मूळ युनिकोडची पीडीएफ जपून ठेवा.

हे सगळं माझ्या अनुभवातलं. जाहिरातीत वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, माझं नको.

पाठवण्याआधी फाईल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर उघडून बघा. दुसऱ्या दिवशी संस्थेत फोन करून आवक क्रमांक मागा. «मेल आलाय» म्हणाले की फोन ठेवू नका. पहिली ओळ वाचून दाखवा म्हणा. वैतागतील, वैतागू देत.