दोघेही वाहक: एका दांपत्याला लिहिलेले पत्र

“आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, चार वर्षांची मुलगीही चांगली आहे, घरात कोणाला रक्ताचा आजार नाही. तरी दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघालो. मग पुढचं मूल आजारीच होणार का? की पहिली चांगली झाली म्हणजे दुसरंही चांगलंच होईल?”

हा प्रश्न विचारणाऱ्या एका दांपत्याला भेटीनंतर मी पाठवलेले पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, खाली देत आहे.

सप्रेम नमस्कार.

समुपदेशनाच्या खोलीत ऐकलेले पुष्कळसे घरी पोहोचेपर्यंत निसटते, म्हणून त्या दिवशीचे बोलणे आणि त्यानंतर आलेला जनुकचाचणीचा निष्कर्ष येथे एकत्र लिहीत आहे.

आपण दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहात. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. आपल्या दोघांचीही एकेक प्रत सदोष आहे आणि एकेक व्यवस्थित. या एका व्यवस्थित प्रतीवर वाहकाचे आयुष्यभर भागते; तांबड्या पेशी आकाराने लहान राहतात आणि हिमोग्लोबिन किंचित कमी असू शकते, एवढेच. वाहकपणा ही आजाराची पहिली पायरी नव्हे, आणि वाहक पुढे कधी थॅलेसेमिया मेजरचा, म्हणजे या आजाराच्या गंभीर प्रकाराचा, रुग्ण होत नाही. सदोष प्रत अशी कोणालाही न जाणवता अनेक पिढ्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे घराण्यात रुग्ण नसणे हा वाहक नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

ताई, पहिल्या गरोदरपणातल्या तपासणीत हे का कळले नाही, असे आपण विचारले होते. वाहक ओळखण्यासाठी हिमोग्लोबिन ए-टू या घटकाचे प्रमाण पाहतात आणि ते ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास वाहकपणाचा संशय बळावतो. त्या वेळी आपले प्रमाण ३.४ टक्के होते. अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा पडला आणि म्हणून आपल्या यजमानांची तपासणी झालीच नाही. मात्र त्याच अहवालात पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६४ होता (८० च्या खाली तो कमी धरतात), तांबड्या पेशींची संख्या ५२ लाख, म्हणजे भरपूर होती, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचे माप, अवघे ६ होते. लोहाची कमतरता ए-टूचे प्रमाण खाली ओढते, त्यामुळे सीमारेषेवरचा वाहक सहज सुटून जातो. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्याही बहुधा घटते. पेशी इतक्या लहान आणि तरीही संख्येने भरपूर, हे चित्र तेव्हाच थांबून पाहण्यासारखे होते. या वेळी लोहाच्या गोळ्यांनी फेरिटिन ३८ वर आल्यानंतर ए-टू ४.७ टक्के आले. यजमानांचे ५.२ टक्के आहे आणि त्यांचे फेरिटिन उत्तम आहे, तेव्हा हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या घेत राहू नयेत. थॅलेसेमियामुळे आलेला फिकेपणा गोळ्यांनी भरून निघत नाही.

जनुकचाचणीत ताईंच्या बाजूने ‘कोडॉन ८/९’ आणि यजमानांच्या बाजूने ‘आयव्हीएस १-५’ असे बदल आढळले. पहिल्यामुळे त्या प्रतीपासून बीटा साखळी मुळीच तयार होत नाही, दुसऱ्यामुळे अगदी थोडी होते. हे दोन्ही बदल एकाच मुलात आले, तर सामान्यतः थॅलेसेमिया मेजर होतो. असे मूल जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन काही महिने साथ देते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात रक्त कमी पडू लागते आणि त्यानंतर साधारण दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवणे व शरीरात साठणारे लोह काढण्याची औषधे नियमित घेणे भाग पडते.

आता आपला मूळ प्रश्न. प्रत्येक गर्भधारणेत आपण दोघे आपापल्या दोन प्रतींपैकी एकच मुलाला देता, आणि ती कोणती हे नाणे उडवल्यासारखे ठरते. दोन्ही सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. एकच सदोष प्रत येऊन मूल आपल्यासारखे वाहक होण्याची शक्यता ५० टक्के. आणि एकही न येण्याची २५ टक्के. ‘चारात एक’ याचा अर्थ चार मुलांपैकी एक असा काढला जातो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. नाण्याला मागचा कौल आठवत नसतो. मुलगी निरोगी झाली म्हणून पुढच्या वेळची शक्यता घटत नाही आणि वाढतही नाही. ती पुन्हा २५ टक्केच असते.

मुलगी चार वर्षांची आहे आणि तिची वाढ व रक्त व्यवस्थित आहे, त्यामुळे तिला मेजर नाही. ती शक्यता वजा केली, की उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोनांत मूल वाहक असते, म्हणून ती वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून तीनात दोन आहे. तिची वाहकचाचणी आताच करण्याची घाई मला योग्य वाटत नाही. तिच्या बालपणी त्यावर काहीही अवलंबून नाही आणि समज आल्यावर तिने स्वतः ठरवणे चांगले. तिच्या डॉक्टरांना मात्र आपले निष्कर्ष दाखवून ठेवावेत, म्हणजे पेशी लहान दिसल्या म्हणून फेरिटिन न पाहता लोह सुरू होणार नाही.

पुढच्या गर्भधारणेसाठी मार्ग एकाहून अधिक आहेत, आणि कोणतीही तपासणी न करणे हाही त्यातलाच एक आहे. तपासणी हवी असल्यास ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या ऊतीचा नमुना घेऊन त्यात हेच दोन बदल शोधतात. १० आठवड्यांपूर्वी हा नमुना घेत नाहीत, कारण त्याने बाळाच्या हातापायांना इजा होण्याचा धोका असतो. अनुभवी हातांत या प्रक्रियेमुळे गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी आहे. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निष्कर्ष फसवा येऊ शकतो. त्यासाठी प्रयोगशाळेने आईच्या रक्ताशी तुलना केली आहे का, हे अहवालात पाहावे. ही वेळ निघून गेल्यास १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते, पण मग निर्णयाला कमी अवधी उरतो. या चाचणीतून थॅलेसेमियाचे उत्तर मिळते, बाळाच्या इतर प्रकृतीची हमी मिळत नाही. निष्कर्ष आल्यावर काय करायचे, हे आपण दोघांनीच ठरवायचे आहे. त्यासाठी मी पुन्हा बोलायला उपलब्ध असेन, पण कौल देणार नाही.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेत गर्भधारणा करून गर्भाशयात सोडण्यापूर्वीच भ्रूण तपासण्याचा. तेथे मोजक्या पेशींवर काम होते आणि कधीकधी जनुकाची एक प्रत वाचलीच जात नाही, म्हणून गर्भ राहिल्यावर निष्कर्षाची खातरजमा करून घेण्याचा सल्ला देतात. खर्च आणि औषधांचा त्रासही यात अधिक असतो.

आपले दोन्ही बदल आधीच निश्चित झाले आहेत, त्यामुळे फार मोठा वेळ वाचला. गर्भ राहिल्यावर ते शोधायला निघाले, तर आठवडे त्यातच जातात. पाळी चुकल्यावर लगेच कळवावे, म्हणजे सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवून नमुन्याची तारीख घेता येईल, आणि येताना दोघांचे जनुकचाचणीचे अहवाल मूळ स्वरूपात आणावेत.

आपल्या दोघांच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकजण वाहक असण्याची शक्यता किमान निम्मी आहे. त्यांना दाखवण्यासाठी वेगळे पत्र जोडले आहे. त्यात आपली नावे नाहीत, फक्त सीबीसी, फेरिटिन आणि ए-टू या तीन तपासण्या लिहिल्या आहेत. ताईंच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत असल्याचे आपण म्हणाला होतात. तिला हे पत्र सर्वांत आधी द्यावे.

आपली,
जनुकीय समुपदेशक