इटालियन रेझ्युमेत कामं कोणत्या काळात लिहायची?

«माझा इंग्रजी रेझ्युमे इटालियनमध्ये करून हवा आहे. नोकरीतली कामं भूतकाळात लिहायची की वर्तमानकाळात? आणि एजन्सीकडून करून घ्यावं की स्वतः करावं?»

कोणत्याच काळात लिहू नका. नामं लिहा.

मी पुण्यात इटालियनचं भाषांतर करते आणि नेमक्या याच गोष्टीवरून एका एजन्सीशी माझं कायमचं बिनसलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करणाऱ्या मुलाचा रेझ्युमे एजन्सीमार्फत माझ्याकडे आला. त्याला ब्रेशाजवळच्या एका गिअरच्या कारखान्यात अर्ज करायचा होता. इंग्रजीत नेहमीसारखी क्रियापदांची रांग होती: इन्स्पेक्टेड अमुक, मेंटेन्ड तमुक, लेड अ टीम ऑफ फोर. नोकरी चालू असूनही सगळं भूतकाळात, कारण कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेलं. खाली तारीख होती जून २०१५, आणि पुढे आपलं लाडकं ‘टिल डेट’.

इटालियन माणूस स्वतःच्या रेझ्युमेत हे असं लिहीत नाही. तो ‘तपासलं’ म्हणत नाही, ‘तपासणी’ म्हणतो. म्हणून मी लिहिलं: ‘कोंत्रोल्लो इन आच्चेत्तात्स्योने देइ जेत्ती’, म्हणजे आवक कास्टिंगची तपासणी. गेजच्या नोंदींसाठी ‘जेस्तिओने देल्ले तारातुरे’. कारखान्यात मोजमापाच्या साधनांच्या कॅलिब्रेशनला ‘तारातुरा’ म्हणतात. आणि टीमसाठी ‘कोओर्दिनामेंतो दि क्वात्त्रो अद्देत्ती’, चार जणांचं संयोजन. तिन्ही ओळी नामाने सुरू, एकातही काळ नाही.

यात काही अवघड नाही. मराठीत आपण अर्जात ‘कामाचे स्वरूप’ लिहितो तेव्हा हेच करतो की! ‘मालाची तपासणी, नोंदवही ठेवणे, कामगारांवर देखरेख.’ ‘मी माल तपासला’ असं कोण लिहितं? मराठीतून थेट इटालियनमध्ये गेलात तर वाट सरळ आहे. मध्ये इंग्रजी घेतलं की वळसा पडतो आणि पाय घसरतो.

एजन्सीच्या मालकांचा फोन आला. ‘मॅडम, पास्ट टेन्स कुठे गेला? क्लायंट म्हणतोय क्रियापदंच गाळली.’ मी समजावलं. काळ सांगायचं काम तारीख करते, म्हणून कामाच्या ओळीत तो पुन्हा लागत नाही. नोकरी संपली असेल तर तारखेवरून कळतं, चालू असेल तरी तारखेवरूनच. शिवाय नामात बाई-पुरुष असा प्रश्न येत नाही. पूर्ण वाक्य करायला गेलात तर पुरुषाने ‘मि सोनो ओक्कुपातो’ आणि बाईने ‘मि सोनो ओक्कुपाता’ लिहायला हवं, आणि घाईत केलेल्या भाषांतरात बाईचा पुरुष झालेला मी कितीदा तरी पाहिला आहे.

त्यांना पटलं नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ओळी बदलून घेतल्या आणि मुलाला पाठवल्या. नंतर त्या मुलानेच मला दाखवल्या. प्रत्येक ओळ सहायक क्रियापदाशिवाय नुसत्या धातुसाधितानं सुरू होत होती, इंग्रजी भूतकाळाच्या जागी इटालियन शब्द डकवल्यासारखी. ‘मेंटेन्ड’च्या जागी ओळीच्या तोंडाशी ‘मान्तेनूतो’. हा शब्द इटालियनमध्ये नाम म्हणूनही चालतो आणि त्याचा अर्थ होतो दुसऱ्याच्या पैशावर पोसलेला पुरुष. पुढचा ‘रेजिस्त्री’, म्हणजे नोंदवह्या, हा शब्द वाचला की वाचणाऱ्याला उलगडा होतो, पण पहिला ठसा पडायचा तो पडतोच. कष्टाळू मुलाच्या कागदावर तो शब्द बघून मला फार वाईट वाटलं.

तारखेचं तर त्याहून वाईट. ‘टिल डेट’चं केलं होतं ‘फिनो आल्ला दाता’. म्हणजे ‘त्या तारखेपर्यंत’. कोणत्या? व्हिडिओ मुलाखतीत तिकडच्या बाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, की तुम्ही ही नोकरी कधी सोडलीत? मुलगा त्या क्षणीही चाकणलाच कामावर होता. त्याला वाटलं आपल्यावर संशय घेतायत, तो गडबडला, आणि पुढची पाच मिनिटं नोटीस पीरियडच्या गोंधळात गेली.

चालू नोकरीसाठी दोन शब्द पुरतात: ‘इन कोर्सो’ किंवा ‘अद ओज्जी’. ‘प्रेझेंते’ लिहू नका, तो इंग्रजीचा साचा आहे. महिना लिहिणार असाल तर ‘दा जून्यो २०१५ आ मार्त्सो २०१९’, मध्ये आर्टिकल नाही, आणि महिन्याचं पहिलं अक्षर लहान. नुसती वर्षं असतील तर आर्टिकल जोडूनच येतं: ‘दाल २०१५ आल २०१९’. हे दोन प्रकार एकाच कागदावर मिसळले की ओळी दोघांनी लिहिल्यासारख्या दिसतात. आकडे आणि मध्ये आडवी रेघ दिलीत तर हा प्रश्नच उरत नाही. मी बहुतेकदा तेच करते.

मथळ्यांबद्दल एवढंच: ‘एज्युकेशन’चं ‘एदुकात्स्योने’ करू नका, त्याचा रोजचा अर्थ संस्कार, वळण असा आहे. शिक्षणाला ‘इस्त्रुत्स्योने ए फोर्मात्स्योने’, नोकऱ्यांना ‘एस्पेरिएन्त्सा प्रोफेस्योनाले’. पदवीला ‘ग्रादो’ नाही, ‘लाउरेआ’. नुसतं ‘दिप्लोमा’ लिहिलंत तर तिकडे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा समज होतो, म्हणून पॉलिटेक्निकवाल्यांनी शेजारी किती वर्षांचा आणि कोणत्या इयत्तेनंतरचा कोर्स ते लिहावं. आपल्याकडचं शेवटचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ काढून टाका. त्या जागी तिकडे वैयक्तिक माहिती वापरायला संमती देणारी एक ओळ असते, २०१६ च्या ६७९ क्रमांकाच्या युरोपीय नियमाचा हवाला देऊन. इटलीच्या कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार स्वतःहून पाठवलेल्या रेझ्युमेसाठी ती संमती कायद्याने लागत नाही, पण पुष्कळ जाहिरातींत मागतात, तर असू द्या.

हेही सांगायला हवं की धातुसाधितानं सुरू होणाऱ्या ओळी आता तरुण इटालियनही लिहितात, विशेषतः सॉफ्टवेअरमध्ये. इंग्रजीचा वारा तिकडेही लागला आहे. मिलानच्या एखाद्या स्टार्टअपला ते खटकणार नाही. ब्रेशाच्या कारखान्यात पन्नाशीचा प्रॉडक्शन मॅनेजर वाचणार असेल तर खटकेल. आणि वर प्रोफाइलच्या दोन-तीन ओळी लिहिणार असाल तर तिथे नामं रटाळ होतात. तिथे सरळ प्रथमपुरुषी वर्तमानात लिहा, ‘मि ओक्कुपो दि...’.

एजन्सीचं म्हणाल तर त्या एजन्सीने माझ्या बिलातले तेहतीस टक्के कापले, कारण लिहिलं ‘काळाच्या चुका’. मी लेखी उत्तर मागितलं, आलं नाही, आणि नंतर त्यांच्याकडून कामही आलं नाही. तेव्हा तुम्ही कुठल्याही एजन्सीला पैसे देण्याआधी एकच विचारा: ‘टिल डेट’चं इटालियन काय करता? ‘इन कोर्सो’ किंवा ‘अद ओज्जी’ आलं तर फाइल द्या. ‘क्लायंट म्हणेल तसं’ असं आलं तर परत घरी घेऊन या, वरच्या तीन ओळींच्या धर्तीवर स्वतः लिहा आणि इटालियन येणाऱ्या कुणाकडून तरी निदान तारखा तपासून घ्या.