कोटेशनमध्ये ‘साधारण 60 तास’ लिहिताना

प्रश्न : मी नाशिकला घरून वेबसाइट बनवण्याची कामं घेते. एका फर्निचर शोरूमच्या मालकांना मी ‘ताशी 800 रुपये, साधारण 60 तास, अंदाजे 48,000’ असं कोटेशन दिलं. ते म्हणाले, “तुम्ही 60 तास खरंच बसलात हे मला कसं कळणार? माझा भाचा 15 हजारांत करतो म्हणतो. एक आकडा सांगा.” शेवटी त्यांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, “काम सुरू करा, पैशाचं बघू.” मागे एका क्लायंटने ठोक रक्कम ठरवून माझ्याकडून दुप्पट काम करून घेतलं होतं, त्यामुळे ठोक दराची धास्ती वाटते. मी काम सुरू करू का? आणि कोणता दर सुरक्षित?

उत्तर : अजून सुरू करू नका. आज तुमच्या हातात ना तासाचा करार आहे, ना ठोक रकमेचा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे प्रस्तावाला होकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. “पैशाचं बघू” हा 48,000 ला होकार होत नाही. त्याच कायद्याचं कलम 29 सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित करता येत नाही, तो करार निरर्थक ठरतो. कलमाखाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक असं : कोणी आपला पांढरा घोडा ‘पाचशे किंवा हजार रुपयांना’ विकायचं कबूल केलं, पण दोनपैकी कोणती किंमत हे कुठेच ठरलं नाही, तर तो करार टिकत नाही. तुमच्या कोटेशनची अवस्था अगदी इतकी वाईट नाही, कारण त्यात दर तरी स्पष्ट आहे. पण तासही लिहिलेत, रक्कमही लिहिलीत आणि दोन्हीमागे ‘साधारण’, ‘अंदाजे’ लावलंत. उद्या 85 तास लागले तर तुम्ही 68,000 मागाल, ते 48,000 वर बोट ठेवतील, आणि दोघांनाही आपापल्या सोयीची ओळ त्याच कागदात सापडेल.

कोणता दर सुरक्षित, हे ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : पैसे अडले तर मला काय सिद्ध करावं लागेल? ताशी दरात प्रत्येक तास सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. त्यासाठी काम चालू असतानाच ठेवलेली नोंद हवी : तारीख, कोणतं काम, किती वेळ. बिल करायच्या दिवशी आठवून भरलेला तक्ता उलटतपासणीत टिकत नाही. ठोक दरात तास सिद्ध करायचे नसतात. काय द्यायचं ठरलं होतं आणि ते दिलं, एवढंच दाखवायचं. म्हणून ठोक दर हा तुमच्यासाठी सोपा दावा आहे, पण ‘काय द्यायचं’ हे कागदावर मोजून लिहिलेलं असेल तरच. मागच्या वेळी तुमचं नुकसान झालं ते ‘वेबसाइट बनवून देणे’ एवढ्या ढोबळ शब्दांवर रक्कम ठरली असेल तर झालं असणार. त्या शब्दांत सहा पानंही बसतात आणि सोळाही.

शोरूमच्या मालकांची शंका मात्र मला रास्त वाटते. ताशी दरात धोका त्यांच्या अंगावर जातो. काम रेंगाळलं तर बिल त्यांचं वाढतं, आणि घरी बसून काम करणाऱ्या माणसाचे तास मोजायला त्यांच्याकडे साधन नाही. तेव्हा “माझ्यावर विश्वास ठेवा” म्हणू नका, आणि भाच्याशी तुलनाही करत बसू नका. ज्या कामाचं माप आधी घेता येतं त्याला ठोक रक्कम द्या. जे काम त्यांच्या हातात आहे, म्हणजे ते कधी फोटो पाठवतील, किती वेळा माहिती बदलतील, ते ताशी ठेवा आणि त्याला वरची मर्यादा घाला.

तुमच्याच आकड्यांवर हे करून बघू. आराखडा आणि त्याची मंजुरी 10 तास, सहा पानं प्रत्येकी चार तास म्हणजे 24, चौकशीचा फॉर्म 6, मोबाइलवर तपासणी आणि दुरुस्त्या 8, साइट सर्व्हरवर चढवून त्यांना शिकवणं 4. हे झाले 52 तास. उरलेले आठ तास मालाचे फोटो आणि किमती भरण्याचे धरले आहेत. बावन्न तासांचे 800 प्रमाणे 41,600 होतात. ठोक दर घेताना चुकीच्या अंदाजाचा धोका तुम्ही उचलता, त्याची किंमत लावायलाच हवी. पंधरा टक्के धरले तर 6,240 वाढून 47,840, म्हणजे ठोक 48,000. माल भरण्याचं काम ताशी 800, पण 10 तासांपर्यंतच. त्यापुढे त्यांच्या लेखी होकाराशिवाय एक तासही नाही. म्हणजे त्यांचा जास्तीत जास्त खर्च 56,000. ते म्हणतील, आधी 48 म्हणालात, आता 56? तेव्हा सांगा की आधीच्या आकड्याला वरची हद्द नव्हती, याला आहे. आणि माल भरण्याचं काम त्यांच्या दुकानातल्या मुलाने केलं, जे शिकवणं चार तासांत धरलेलंच आहे, तर त्यांनी ऐकलेला 48,000 हाच पक्का आकडा राहतो.

हे तासांचं गणित तुमच्या वहीत ठेवा. ठोक भागाच्या कोटेशनमध्ये कामं आणि रकमा लिहा, तास लिहू नका. तास लिहिले की ‘पानांना 24 म्हणालात, 15 मध्ये झाली, तेवढे कापा’ ही मागणी हमखास येते, आणि ठोक दराचा करार मागच्या दाराने पुन्हा तासांचा होतो.

ते 40,000 वर अडून बसले तर रक्कम कमी करा, पण कामासकट. दोन पानं वगळली की आठ तास, म्हणजे 6,400 आणि त्यावरचे पंधरा टक्के मिळून 7,360 कमी होतात, आणि आकडा 40,640 वर येतो. काम तेवढंच ठेवून आठ हजार सोडलेत तर पहिला आकडा फुगवलेला होता असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. एक धोका लक्षात ठेवा. “ठीक आहे, पण 40 मध्ये करा” हा कायद्याने होकार नसतो, तो त्यांचा नवा प्रस्ताव असतो. त्यावर काही न बोलता तुम्ही काम सुरू केलंत, तर तुम्ही 40,000 मान्य केले असा अर्थ निघू शकतो. म्हणून आधी उत्तर पाठवा, मग कामाला हात लावा.

आज त्यांना असं लिहा :

“नमस्कार साहेब. तुम्ही एक आकडा मागितलात, तो देत आहे. आधीचं कोटेशन रद्द समजावं. सोबतच्या यादीतली पाच कामं ठोक 48,000 रुपयांत. आराखड्यात दोनदा बदल यात धरले आहेत. मालाची माहिती मी भरायची असल्यास ताशी 800, जास्तीत जास्त 10 तास. आराखडा मंजूर झाल्यावरचा कोणताही बदल किंवा नवीन पान ताशी 800 ने. त्याचा अंदाज आधी कळवीन आणि तुमचा लेखी होकार आल्यावरच करीन. 19,200 सुरुवातीला, 19,200 तपासणीची लिंक दिल्यावर, 9,600 साइट सुरू करण्यापूर्वी. पूर्ण रक्कम मिळाल्यावर साइटचे हक्क तुमच्या नावे लेखी करून देईन. हे कोटेशन 15 दिवसांसाठी आहे. मान्य असल्यास ‘मान्य’ असं उत्तर द्यावं.”

‘मान्य’ आलं की करार झाला, आणि पहिला हप्ता जमा झाला की काम सुरू करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 10-अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार नाकारता येत नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपर नाही याची काळजी नको. तो चॅट मात्र पुसू नका आणि फोन बदललात तरी जपून ठेवा, कारण असा पुरावा कोर्टात देताना त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

बदलांची ओळ तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण मागच्या क्लायंटने जे केलं ते रोखणारी ओळ तीच आहे. न ठरवता जादा काम केलं तरी करार कायद्याचं कलम 70 मदतीला येतं : फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीर काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. पण त्यात तुमचा 800 चा दर आपोआप लागू होत नाही, कोर्टाला वाजवी वाटेल ते मिळतं. आणि समोरचा पहिल्यांदा हेच म्हणतो की हे काम मूळ रकमेतच होतं. त्यामुळे फोनवर “जरा हे पण करून टाका” आलं, तर फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेसेज पाठवा : हा बदल यादीबाहेरचा आहे, तीन तास, 2,400 रुपये, करू का? होकार येईपर्यंत थांबा.

हक्कांबद्दल लिहिलेलं वाक्यही काढू नका. तुम्ही त्यांच्या नोकरीत नाही, त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या कोडच्या कॉपीराइटच्या पहिल्या मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच, आणि कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे तो हक्क सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. पैसे अडले तर हा तुमचा वैध आधार आहे. पण रागाच्या भरात चालू साइट बंद पाडणं किंवा पासवर्ड बदलणं असं काही करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याची यंत्रणा बिघडवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 उलट तुमच्यावर लागू शकतात. शेवटचा हप्ता साइट सुरू होण्याच्या आधी ठेवायला सांगितला तो याचसाठी.

‘मान्य’ येण्याआधी आणखी एक काम उरका : उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे होते, फी नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 खाली सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला, आणि ठरवून दिलेली मुदतसुद्धा जास्तीत जास्त 45 दिवसांची, चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम त्यांनी स्वीकारलं असं धरलं जातं. वाद झालाच तर थेट दिवाणी कोर्टात न जाता अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. नोंदणी करारानंतर केली तर या संरक्षणावरच वाद उभा राहतो, म्हणून क्रम चुकवू नका.

मागच्या क्लायंटकडचं जादा काम तुम्ही सोडून दिलेलं दिसतं. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर केलेल्या कामाच्या किमतीसाठी मुदत कायद्याप्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं दावा करता येतो. त्या कामाचे मेसेज, ईमेल आणि फाइलींच्या तारखा एकत्र काढा. तीन वर्षं उलटली नसतील तर रक्कम लिहून नोटीस पाठवता येईल.