थिसिसचं एक प्रकरण म्हणजे एक पोस्ट नव्हे

थिसिसवरून ब्लॉग लिहिताना एक प्रकरण एक पोस्ट असं धरून चालू नकोस, तिथेच फसतं. प्रकरण आधीच्या प्रकरणावर उभं असतं, आणि वाचणारा गूगलवरून थेट तुझ्या चौथ्या पोस्टवर येतो, पहिल्या तीन आहेत हे त्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा एकदोन वाक्यांत उत्तर देता येईल असे प्रश्न थिसिसमधून काढ.

आता तुझा विषय खाजन शेती, तर 'मानशीचं दार आपोआप कसं मिटतं?' ही एक पोस्ट. मानस म्हणजे शेताच्या बांधातली पाणी आत-बाहेर जाण्याची वाट. उत्तर सुरुवातीलाच दे, की भरतीला बाहेरचं पाणी चढतं आणि दार दाबून बंद करतं, ओहोटीला आतली पातळी वर राहते म्हणून ते बाहेर उघडतं. मग तुझ्या फील्डवर्कमधला एक फोटो, एका मानशीचं निरीक्षण, बस्स. लिटरेचर रिव्ह्यू पूर्ण काढून टाक. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, हे वाक्य मात्र प्रत्येक पोस्टमध्ये हवंच, तुला कंटाळा आला तरी.

लिहून झालं की 'वर म्हटल्याप्रमाणे', 'मागील प्रकरणात', 'तक्ता 3.2' असे शब्द सर्च कर, सापडले तर पोस्ट अजून स्वतःच्या पायावर उभी नाही.

आणि हो, शेतकऱ्यांनी मुलाखती थिसिससाठी दिल्या होत्या, नाव-फोटो नेटवर टाकायला त्यांना परत विचार. पेपर अजून छापायचा असेल तर तो डेटा आत्ता देऊ नको, आधी गाइडशी बोल.