'फेक' चालेल, 'अंतिम वेग' नको

प्रश्न : वातानुकूलनाच्या माहितीपत्रकाचे मराठी करताना 'थ्रो'ला 'फेक' आणि 'टर्मिनल व्हेलॉसिटी'ला 'अंतिम वेग' म्हटले तर चालेल का?

'फेक' मला पसंत आहे. 'त्याची फेक साठ मीटरची होती' असे आपण भाल्याबद्दल म्हणतो तेव्हा त्या शब्दात क्रियेबरोबर अंतरही येते, आणि डिफ्यूझरचा, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या छतातल्या तोंडाचा, थ्रो हे अंतरच असते. फरक एवढाच की भाला जमिनीत रुततो, हवा मात्र कुठेच रुतत नाही. ती मंदावत पुढे जातच राहते. म्हणून झोताचा वेग अमुक इतका उरतो तिथपर्यंतचे अंतर मोजायचे, असे आधी ठरवून घ्यावे लागते, आणि तो 'अमुक' वेग म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी. 'अंतिम वेग' म्हटले की शाळेतल्या गतीच्या समीकरणातला v आठवतो आणि वाचकाला वाटते की हवा तिथे थांबली. त्यापेक्षा मी 'ठरीव वेग' लिहीन.

शब्द चुकला की निवड कशी चुकते, हे एका मोकळ्या कार्यालयाच्या उदाहरणावरून दिसेल. छतात दर 6 मीटरवर गोल डिफ्यूझर बसवायचे आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या झोताला शेजारच्या झोताशी गाठ पडेपर्यंत 3 मीटर मिळतात. उष्णताभार चौरस मीटरला 60–65 वॅट असेल, तर 0.25 मीटर प्रतिसेकंद या ठरीव वेगाची फेक त्या 3 मीटरांच्या सुमारे 0.8 पट, म्हणजे 2.4 मीटर असणे उत्तम, 0.7 ते 1.3 पट चालते. माहितीपत्रकात मात्र एकाच ओळीत '0.8–1.2–2.4' असे तीन आकडे असतात, अनुक्रमे 0.75, 0.5 आणि 0.25 या वेगांचे. मधल्या आकड्यालाच फेक समजून तिथे 2.4 असलेला डिफ्यूझर घेतला, तर 0.25 ची फेक 4.8 मीटरच्या आसपास, म्हणजे 1.6 पट होते. मग दोन झोत मध्यावर आदळून खाली वळतात आणि नेमक्या त्या रांगेतली माणसे शाल घेऊन बसतात. फेक फार तोकडी असेल तर उलट घडते : थंड हवा छताला चिकटून न राहता डिफ्यूझरखालीच कोसळते.

'एअर डिफ्यूजन परफॉर्मन्स इंडेक्स'मधल्या 'डिफ्यूजन'साठी 'विसरण' टाळावे, कारण तो शब्द रेणूंच्या पसरण्यासाठी रूढ आहे. 'हवा-वितरण निर्देशांक' बरा. माणसे वावरतात त्या भागातल्या मोजलेल्या जागांपैकी किती टक्के जागा सुखद आहेत, ते तो सांगतो. तिथे हवेचा वेग 0.35 मीटर प्रतिसेकंदापेक्षा कमी असावा, आणि झुळकीचा गारवा धरून तापमान खोलीच्या सरासरीच्या 1.7 अंश खाली ते 1.1 अंश वर या पट्ट्यात हवे. वेग 0.15 च्या वर दर 0.1 ने वाढला की हवा 0.8 अंशाने गार धरतात. सरासरीहून अर्धा अंश गार हवा 0.25 वेगाने आली तर जमा 1.3 अंश, म्हणजे उत्तीर्ण. तीच हवा 0.34 वेगाने आली तर 2 अंशांच्या वर, म्हणजे नापास. निर्देशांक 80 च्या वर असला की निवड चांगली मानतात. तो फक्त थंडाव्यासाठी आहे. गरम हवेच्या डिफ्यूझरपुढे हा आकडा छापू नये.