रविवारची डोकेदुखी

“मॅडम, मुलगा दहावीला आहे. संध्याकाळी क्लासमध्ये बसला की छातीत धडधडतं म्हणतो, हात थरथरतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. रविवारी मात्र डोकं धरून पडून राहतो. परीक्षेची भीती बसली असेल का हो मनात?”

भांडुपहून आलेल्या एका आईचे हे शब्द. थोड्याफार फरकाने हीच तक्रार मी गेल्या काही वर्षांत इतक्या घरांतून ऐकली आहे की आता पहिल्या भेटीतच माझा एक प्रश्न ठरलेला असतो. त्या वेळी तो ठरलेला नव्हता. या मुलानेच तो मला शिकवला. त्याला निनाद म्हणू या.

मानसोपचाराच्या ज्या विचारपद्धतीत मी तयार झाले, तिच्यात प्रसंगापेक्षा आपण त्याला दिलेला अर्थ महत्त्वाचा मानतात. त्यामुळे पहिल्या दोन भेटी मी निनादच्या डोक्यातली वाक्यं शोधण्यात घालवल्या. ‘नापास झालो तर’, ‘बाबा काय म्हणतील’ असलं काहीतरी सापडेल अशी खात्री होती. सापडलं ते अगदीच किरकोळ. गणिताची थोडी धास्ती, बस्स. फॅमिली डॉक्टरांनी काढलेला ईसीजी व्यवस्थित होता. धडधड सुरू झाली की मात्र तो घाबरायचा, “हार्टचं काहीतरी असणार.” म्हणजे भीतीमुळे धडधड नव्हती, धडधडीमुळे भीती होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

मग त्याला वही दिली. आठवडाभर धडधड कधी झाली, डोकं कधी दुखलं आणि त्याआधी तासाभरात काय खाल्लं-प्यायलं, एवढंच लिहायचं.

वही उघडली तर सोमवार ते शनिवार, धडधड पावणेसहाच्या आसपास. क्लास पाचचा. पाच वाजता, क्लासखालच्या टपरीवर, एक ओळ सहाही दिवस: ‘एनर्जी ड्रिंक, 20 रु.’ पुन्हा रात्री दहाला, अभ्यासाच्या टेबलावर, दुसरी बाटली. रविवारी क्लास बंद, टपरीही लांब. त्या दिवशी एकही बाटली नाही, आणि दुपारपासून डोकं ठणकलेलं.

रविवारच्या त्या रकान्यावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. परीक्षेच्या भीतीला रविवारची सुट्टी नसते. सुट्टी होती ती फक्त बाटलीला.

“रोज दोन?” मी विचारलं.

“मॅडम, लिमिटमध्येच आहे. बाटलीवर लिहिलंय, दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त नको. अडीचशेच्या दोन. बरोबर पाचशे.”

बाटली दप्तरात होतीच. मी म्हटलं, “पुढची ओळ वाच.” अक्षर मुंगीएवढं. त्याने मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचली: लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कॅफीन न सोसणारे लोक, यांच्यासाठी नाही. भारतात असल्या पेयांवर ही सूचना छापावीच लागते. पाचशेची मर्यादा मोठ्यांसाठी आहे. निनादने ती परवानगी म्हणून वाचली होती.

मग आम्ही हिशोब मांडला. बाटलीवर 100 मिलीत 29 मिलिग्रॅम कॅफीन लिहिलं होतं, म्हणजे एका बाटलीत साधारण 72, दोन मिळून 145. सकाळच्या चहाचे आणखी 40 धरा. वाढत्या मुलांसाठी युरोपातल्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी वजनाच्या किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅम असा सुरक्षित मर्यादेचा अंदाज धरला आहे. निनादचं वजन 48 किलो, म्हणजे 144. दोन बाटल्यांतच ते भरून जात होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर मुलांच्या खाण्यापिण्यात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

“पण त्याने फ्रेश वाटतं,” तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन साठतं. ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीन त्या जागेवर आधीच रुमाल टाकून ठेवतं, लोकलमध्ये टाकतात तसा. थकवा उतरत नाही, उभ्याउभ्या दारात ताटकळत राहतो. पोटात गेल्यावर तासाभराच्या आत कॅफीनचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून पावणेसहाची धडधड. अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे तीनलाही अंगात असतं. आणि रोजच्या सवयीनंतर ते एकाएकी बंद झालं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं.

एकदम सोडायला लावलं नाही, नाहीतर डोकं दुखलं की पोरगं टपरीवर पळणार. आधी रात्रीची बाटली बंद. चार दिवसांनी संध्याकाळची अर्धी, आणखी चार दिवसांनी तीही बंद. दोनदा डोकं दुखलं, पाणी पिऊन आणि झोपून निभावलं. तिसऱ्या आठवड्यात वहीत धडधडीचा रकाना रिकामा होता. गणिताची धास्ती उरली, तिच्यावर दोन भेटींत काम झालं. कॅफीन सुटल्यावरही धडधड राहिली असती, किंवा चक्कर येऊन पडला असता, तर मी त्याला परत डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.

पण गोष्ट खरी वळली ती शेवटच्या भेटीत. आई म्हणाली, “मोठी मुलगी बाळंतपणाला आलीये, सातवा संपत आला. तिलाही झोप नाही.” चहा काय घेते विचारलं तर म्हणाली, “चहा बंदच केलाय सासूबाईंनी. चहाने बाळ काळं होतं म्हणतात.”

“मग काय पिते?”

“कोला. कधी निनादची बाटली अर्धी.”

बाळाचा रंग चहाने ठरत नाही. पण ज्या चहाला घरात मज्जाव, त्यातलंच कॅफीन कोलातून बिनदिक्कत आत येत होतं. कोलाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘कॅफीन आहे’ एवढंच असतं, किती ते नाही. साधारण 100 मिलीत 10 मिलिग्रॅम धरावं. म्हणजे अर्ध्या लिटरला 50. शुगर-फ्री घेतला तरी कॅफीन कमी होत नाही. गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहा असं बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, आणि त्या 200 मध्ये चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं आलं. कोलाने एकट्याने ती हद्द ओलांडली जात नाही, हेही खरं. पण एनर्जी ड्रिंकची एक बाटली त्यातला तिसरा हिस्सा खाऊन टाकते, आणि शेवटच्या तिमाहीत कॅफीन अर्धं उतरायला पाच नाही, पंधराएक तास लागू शकतात. दुपारी चारला प्यायलेलं सकाळी सातला निम्मं शिल्लक. ते वारेतून बाळाकडे जातं, आणि ते मोडणारी यंत्रणा बाळाच्या यकृतात अजून तयार झालेली नसते. जास्त कॅफीन आणि कमी वजनाचं बाळ यांचा संबंध अभ्यासांत दिसतो.

ताईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एनर्जी ड्रिंक अजिबात नको, आणि किती कप चहा चालेल ते तिच्या डॉक्टरीणबाईंनाच विचार, जेवणाला आणि लोहाच्या गोळीला लागून मात्र नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. सासूबाईंशी बोलायचं काम आईने घेतलं.

बाळंतपणानंतर तिचा फोन आला. आता तर पिऊ शकते ना, रात्रीची जागरणं आहेत. मी म्हटलं, बाटलीवरच्या त्या ओळीत गरोदर शब्दानंतर काय होतं? दोन सेकंद शांतता. “अंगावर पाजणाऱ्या.” दुधातून थोडंच जातं, पण नवजात बाळाला ते अर्धं उतरवायला तीन-चार दिवस लागतात. मागून निनादचा आवाज आला, “मी सांगितलं होतं तिला, मॅडम.”