भोंडल्याच्या गाण्यातले पालुपद आणि ‘बाई’

“गल्लीतल्या भोंडल्यासाठी एक नवं गाणं रचते आहे. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळीला ध्रुवपद म्हणावं की पालुपद? आणि प्रत्येक ओळीत ‘बाई’ हवंच का?”

पालुपद म्हणावे. ध्रुवपद चूक नाही, पण तो शब्द छापील गीताच्या माथ्यावर शोभतो; फेर धरून जी ओळ पुन्हापुन्हा येते, तिच्यासाठी ‘पालुपद’ हाच घरातला शब्द आहे. एखादी व्यक्ती तेच तेच बोलू लागली की आपण ‘तिचे तेच पालुपद’ म्हणतो, आणि भोंडल्यात नेमका हाच गुण हवा असतो, कारण आयत्या वेळी फेरात शिरलेल्या मुलीलाही दुसऱ्या वेळी ती ओळ तोंडपाठ झाली पाहिजे.

‘बाई’विषयी सविस्तर सांगायला हवे. मागच्या वर्षी आमच्या नाशिकच्या वाड्यात आम्ही असेच एक गाणे बांधले होते. एकीने पुढची ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागची.

गंगेवर मी गेले बाई
— काय मिळालं सांग गं बाई
पिवळा झेंडू देते बाई
— वाटुन घेऊ सगळ्या बाई

(नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा ‘गंगेवर’ म्हणजे घाटावर.) प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे: ‘गंगेवर मी’ आठ, ‘गेले बाई’ आठ. ‘बाई’ काढून टाकले तर बाराच मात्रा उरतात, चार मात्रांची पोकळी राहते आणि फेराचे पाऊल अडखळते. पण केवळ जागा भरणे एवढेच या शब्दाचे काम नाही. पुढची बाई कोणते ठिकाण आणि कोणती वस्तू घेणार हे मागच्यांना आधी ठाऊक नसते. ‘बाई’ ऐकू आले की आता आपली पाळी, एवढे मात्र सहा वर्षांच्या मुलीलाही कळते. म्हणून निदान पुढच्या ओळीच्या शेवटचे ‘बाई’ सोडू नये. ‘गं’ मात्र लवचीक आहे. ‘सांग गं बाई’मध्ये ते आखूड, एकाच मात्रेचे म्हणायचे.

खरी अडचण लिंगाची येते. आमच्या पहिल्या खर्ड्यात शेवटची ओळ ‘अर्धा माझा, अर्धा तुझा’ अशी होती. झेंडूला ती चालली, पण दुसऱ्या मुलीने ‘ताजी भाजी’ म्हटल्याबरोबर निम्म्या जणी ‘अर्धी’ म्हणाल्या, निम्म्या ‘अर्धा’, आणि फेर थांबला. पालुपद असे हवे की वस्तू कोणतीही आली तरी त्यातले अक्षर बदलू नये. ‘वाटुन घेऊ’मधल्या ‘घेऊ’ला वस्तूच्या लिंगाशी देणेघेणे नाही. ‘काय मिळालं’ही तसेच निर्धोक आहे, कारण वस्तू ठाऊक नसताना मराठी नपुंसकलिंग वापरते. पुढच्या ओळीतही ‘दिला’ ऐवजी ‘देते’ ठेवण्याचे कारण हेच: भूतकाळात ‘झेंडू दिला, भाजी दिली, सीताफळ दिलं’ असे क्रियापद वस्तूमागे धावते, तर ‘देते’ हे म्हणणारीशी जुळते आणि स्थिर राहते.

मग बदलायच्या जागा दोनच उरतात, आणि त्या प्रत्येकी आठ मात्रांत बसवायच्या. ‘पंचवटित मी’, ‘भद्रकालीत’, ‘येवल्यास मी’ ही ठिकाणे बसतात. ‘पिकले पेरू’, ‘कोरी साडी’, ‘गोड सिताफळ’ या वस्तू बसतात. मात्रेसाठी ‘पंचवटित’ आणि ‘सिताफळ’ ऱ्हस्व लिहिले आहे, तेवढी मोकळीक गाण्याला असते. ‘त्र्यंबकेश्वरला मी’ म्हणायला गेलात तर अकरा मात्रा होतात आणि ओळ सांडते. ‘त्र्यंबकला मी’ म्हणा, बोलताना आपण म्हणतोही तसेच. बसते की नाही हे मोजण्यापेक्षा चालून पाहावे: आठव्या मात्रेनंतर पाऊल टेकले नाही, तर शब्द लांबला आहे.

एका मुलीने आमच्याकडे ‘हिरवी द्राक्षं’ म्हटले. मात्रा नीट बसल्या, तरी मळ्यातून आलेल्या एका काकूंनी लगेच हटकले, “अगं, आश्विनात वेलीची छाटणी चालते, द्राक्षं कुठली?” भोंडल्याचे गाणे ऋतूला धरून असते, म्हणून वस्तू निवडताना त्या दिवसांत मंडईत काय येते ते पाहून घ्यावे.

फेरात धाकटे भाऊ शिरले तर त्यांनी ‘गेलो’ आणि ‘देतो’ म्हणावे. मात्रा तेवढ्याच राहतात. शेवटचा फेर यजमानीणबाईंनी घ्यावा:

माजघरी मी गेले बाई
— काय मिळालं सांग गं बाई
झाकला डबा देते बाई
— वाटुन घेऊ सगळ्या बाई

डब्यात काय आहे ते गाण्यात सांगू नये, कारण खिरापत ओळखायला तिथूनच सुरुवात होते.